शालजोडीतले मेल: गोड वाक्यातला टोमणा कसा ओळखायचा आणि त्याला उत्तर काय द्यायचं

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात मला एक मेल आला. मी तो दोनदा वाचला. भाषा व्यवस्थित, सुरुवातीला विचारपूस, शेवटी आभार. मी लगेच ‘थँक यू सर!’ असं उत्तर लिहिलं आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. पाठवणार इतक्यात शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं लक्ष माझ्या स्क्रीनकडे गेलं. त्या हळूच म्हणाल्या, “अगं थांब. तुला बोललेत ते. आणि साहेबांना सीसीत ठेवून बोललेत.”

तो मेल मला अजून जवळपास पाठ आहे. तुमच्यापैकी जे नुकतेच ऑफिसात रुजू झालेत त्यांना असा मेल आज ना उद्या येणारच, म्हणून त्याच मेलवर हे सगळं समजावते. आपल्याकडे या प्रकाराला ‘शालजोडीतला मारणं’ म्हणतात. शाल गुंडाळलेली असते, लागतो मात्र जोडाच. कामाच्या मेलमध्ये शाल बहुतेक वेळा इंग्रजी असते, त्यामुळे नवीन माणसाला ती शालच दिसते.

आधी पार्श्वभूमी. वित्त विभागातल्या एका सरांनी सोमवारी मला मेल करून दोन गोष्टी मागितल्या होत्या: गेल्या तिमाहीतल्या प्रवासखर्चाची एकूण रक्कम आणि त्या रकमेची विभागवार फोड. मुदत बुधवार दुपार. मी मंगळवारी संध्याकाळी एकूण रक्कम पाठवली आणि निवांत घरी गेले. दुसरी मागणी त्याच मेलमध्ये चार ओळी खाली होती आणि मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. बुधवारी सकाळी त्यांचं उत्तर आलं:

“हाय, होप यू आर डूइंग वेल. ॲज मेन्शन्ड इन माय अर्लिअर मेल, वी ऑल्सो नीड द डिपार्टमेंट-वाइज ब्रेकअप. शेअरिंग द सेम अगेन फॉर युअर रेफरन्स. गोइंग फॉरवर्ड, रिक्वेस्ट यू टू प्लीज गो थ्रू द मेल कम्प्लीटली. थँक्स इन ॲडव्हान्स.”

खाली सोमवारच्या मेलचा स्क्रीनशॉट. त्यातली विभागवार फोडीची ओळ पिवळ्या रंगाने ठळक केलेली. आणि वर सीसीच्या रकान्यात आमच्या साहेबांचं नाव, जे सोमवारच्या मेलमध्ये नव्हतं.

पहिली पायरी: वाक्य काढून बघा

मला ताईंनी त्या दिवशी जी युक्ती शिकवली तीच मी अजून वापरते. मेलमधलं एकेक वाक्य बोटाने झाका आणि स्वतःला विचारा, हे नसतं तर मला काम करता आलं असतं का? आलं असतं, तर ते वाक्य कामासाठी लिहिलेलं नाही. ते तुमच्यासाठी किंवा बघणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. मग ते नुसता शिष्टाचार आहे की टोमणा, एवढंच ठरवायचं उरतं.

‘होप यू आर डूइंग वेल’ झाका. काही अडत नाही. पण ही नमस्कारासारखी ओळ आहे, हजारो मेल तिनेच सुरू होतात. ती सोडून द्या.

‘ॲज मेन्शन्ड इन माय अर्लिअर मेल’ झाका. मागे उरतं ‘आम्हाला विभागवार फोडही हवी आहे.’ काम पूर्ण कळलं. म्हणजे झाकलेल्या तुकड्यात कामाचं काहीच नव्हतं. त्यात एवढंच होतं की मी हे सांगितलं होतं आणि तू वाचलं नाहीस. या वाक्याची बरीच भावंडं आहेत: ‘ॲज पर माय लास्ट मेल’, ‘ॲज डिस्कस्ड’, ‘ॲज आय हॅड क्लिअरली स्टेटेड’, ‘ॲज यू मस्ट बी अवेअर’. मराठीत मेल लिहिणाऱ्या ऑफिसांत हीच मंडळी ‘यापूर्वी कळवल्याप्रमाणे’ आणि ‘आपणास कल्पना असेलच’ अशा वेषात येतात. ‘आपल्यासारख्या जाणकाराला वेगळं सांगायला नको’ हे त्यातलं सगळ्यात धारदार. तुमचं कौतुक करता करता ते सांगतं की जे सांगायची वेळ यायला नको होती, ती आली.

‘क्लिअरली’ किंवा ‘मस्ट’ यांसारखा शब्द मध्ये आला की धार वाढते. ‘ॲज मेन्शन्ड’ लिहिणारा निदान आठवण करून देतोय. ‘ॲज क्लिअरली मेन्शन्ड’ लिहिणारा म्हणतोय की चूक सर्वस्वी वाचणाऱ्याची आहे.

‘शेअरिंग द सेम अगेन फॉर युअर रेफरन्स’ हे मिश्र आहे. जुना मेल शोधायचा त्रास वाचला, म्हणजे थोडं कामाचं आहे. नुसता मेल पुढे ढकलला असता तर मी त्याला टोमणा म्हटलंच नसतं. पण एकच ओळ पिवळी करून दाखवणं म्हणजे लहान मुलाच्या वहीत बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ विचारण्यासारखं आहे. सरांना ते तसं वाटलं नसेलही, मला मात्र तसंच लागलं.

आता ‘गोइंग फॉरवर्ड’. हे वाक्य पूर्ण झाका, आजच्या कामाला तसूभरही धक्का लागत नाही. माझ्या मते अख्ख्या मेलमधलं सगळ्यात जड वाक्य हेच. आधीच्या सगळ्या वाक्यांचा विषय निदान तक्ता होता. या वाक्याचा विषय मी होते, माझी वाचायची सवय. ‘गोइंग फॉरवर्ड’ म्हणजे ‘इथून पुढे’, आणि ‘इथून पुढे नीट वाच’ यात ‘आत्तापर्यंत वाचत नव्हतीस’ हे आलंच. कुठलाही मेल वाचताना हे बघा: वाक्याचा कर्ता काम आहे की माणूस? कामावरून माणसावर उडी पडली की स्वर बदललेला असतो, मग भोवती कितीही ‘प्लीज’ आणि ‘रिक्वेस्ट’ असोत.

‘थँक्स इन ॲडव्हान्स’बद्दल फार विचार करू नका. आधीच आभार मानून नकाराची वाट बंद केली जाते हे खरं, पण बहुतेक लोक ते सहीसारखं वापरतात.

दुसरी पायरी: टू आणि सीसी बघा, शक्यतो मजकुराच्या आधी

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टंकलेखनाच्या काळात खाली निळा कार्बन घालून काढलेली प्रत. ती ज्याच्या फाइलला जायची त्याला फक्त माहिती असावी, एवढाच हेतू. मेलमध्ये ती प्रत काढायला काहीच कष्ट लागत नाहीत, आणि म्हणून कोणाचं नाव कधी टाकलं हाच एक संदेश होऊन बसतो.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे मधेच वाढलेलं नाव. आधीचा मेल उघडून शेजारी ठेवा. सोमवारी साहेब त्यात नव्हते, बुधवारी आले. दरम्यान काय घडलं? फक्त माझी चूक. म्हणजे साहेबांना बोलावलं ते चूक दाखवायला. ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात ते अगदी हेच. मेल माझ्या नावाने होता, पण तो लिहिताना सरांच्या डोळ्यांसमोर वाचणारे साहेब होते. म्हणूनच तर ‘ॲज मेन्शन्ड’ हवं होतं. मी काय विसरले हे मला सांगायची गरज नव्हती. साहेबांना मात्र सोमवारचं काहीच माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ती ओळ अगदी नवी माहिती होती. जे वाक्य तुमच्या दृष्टीने फालतू आहे ते सीसीतल्या माणसाच्या दृष्टीने फालतू आहे का, हे तपासलं की मेल खरा कोणासाठी लिहिला होता ते कळतं.

सीसीचा असा वापर नात्यावर काय करतो याचा अभ्यास झालेला आहे. डेव्हिड डी क्रेमर या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी २०१७ मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. सहकारी वारंवार वरिष्ठांना सीसीत घेऊ लागला, की समोरच्याला आपल्यावर विश्वास ठेवला जात नाही असं वाटतं. पारदर्शकतेच्या नावाखाली केलेली गोष्ट पाळत ठेवल्यासारखी भासते.

पण प्रत्येक सीसी म्हणजे चुगली नव्हे. निर्णय साहेबांनीच घ्यायचा असेल, मुदत हुकल्याने त्यांचं काम अडणार असेल, किंवा लिहिणारा उद्यापासून रजेवर जात असेल, तर त्यांचं नाव यायलाच हवं. फरक ओळखायचा सोपा मार्ग असा: सरळ माणूस नाव वाढवताना कारण लिहितो. ‘साहेबांना सीसीत घेतोय, कारण मंजुरी त्यांची लागेल.’ कारण न देता नाव वाढलं, किंवा नुसतं ‘लूपिंग इन’ लिहून वाढलं, तर कारण लिहिण्यासारखं नव्हतं असं धरायला हरकत नाही.

ओघात बीसीसीबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. तुम्हाला एखादा मेल बीसीसीत आला असेल, म्हणजे तुमचं नाव टू किंवा सीसी दोन्हींत दिसत नसेल, तर चुकूनही सगळ्यांना उत्तर देऊ नका. तुम्ही तो वाचलाय हे बाकीच्यांना माहीत नसतं, आणि तुमच्या उत्तराने पाठवणारा उघडा पडतो.

तिसरी पायरी: हा माणूस नेहमी असाच लिहितो का?

इथे नवीन माणसं सगळ्यात जास्त चुकतात. आधी काहीच कळत नसतं, मग एकदा डोळे उघडले की प्रत्येक ‘काइंडली’मध्ये सुरी दिसायला लागते. मीही पहिल्या मेलनंतर महिनाभर तशीच वाचत होते.

मेलमधला सूर ओळखणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात काही जणांनी काही वाक्यं गांभीर्याने आणि काही उपरोधाने सांगितली, काहींनी मेलवर आणि काहींनी आवाजातून. समोरच्याला आपला सूर ७८ टक्के वेळा कळेल असा सांगणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. मेल वाचणाऱ्यांनी ५६ टक्के वेळा. पर्याय दोनच असताना ५६ म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा जेमतेम बरं. म्हणून एका मेलवरून कोणाचा हेतू ठरवू नका.

त्या व्यक्तीचे जुने पाच-सहा मेल उघडा, तुम्हाला आलेले आणि तुम्ही ज्यांत सीसीत होता तेही. ती व्यक्ती सगळ्यांनाच ‘ॲज मेन्शन्ड’ लिहिते का? प्रत्येक पाठपुराव्याला ‘जेंटल रिमाइंडर’ म्हणते का? मग ती तिची भाषा आहे. काही जण एक-दोन शब्दांतच उत्तर देतात. त्यांचं ‘नोटेड’ म्हणजे खरोखरच ‘बघितलं, ठीक आहे’. पण रोज दोन ओळी लिहिणारा माणूस तुमच्या लांब खुलाशावर एक दिवस नुसतं ‘नोटेड.’ लिहून पाठवतो, तेव्हा त्या पूर्णविरामाकडे लक्ष द्यायला हवं. सरकारी पत्रव्यवहारातही ‘यापूर्वी कळविल्याप्रमाणे’ हा ठरलेला साचाच आहे. तिथे मागच्या पत्राचा संदर्भ द्यावाच लागतो, त्यात राग शोधणं व्यर्थ.

शोधायचा तो बदल, आणि बहुतेक वेळा तो आदर वाढण्याच्या दिशेने होतो. मराठी माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नाही, कारण घरात आपण ते लहानपणीच शिकलेलो असतो. रोज ‘आलीस का गं’ म्हणणारी आई एखाद्या रात्री उशीर झाल्यावर दार उघडून ‘या, आलात आपण?’ म्हणते, तेव्हा त्या अहोजाहोचा अर्थ क्षणात कळतो. मेलमध्येही तसंच. कालपर्यंत नावाने सुरुवात करणारा सहकारी आज ‘डिअर मॅडम’ लिहितो, ‘तुम्ही’चं ‘आपण’ होतं, ‘थँक्स’च्या जागी ‘रिगार्ड्स’ येतं. आदर कारण नसताना वाढला की तो आदर नसतो, अंतर असतं.

वरकरणी स्वतःवर दोष घेणारी वाक्यं

एक घराणं वेगळं सांगायला हवं, कारण वाक्य झाकायची युक्ती त्याला नीट लागू पडत नाही. यात लिहिणारा दोष स्वतःकडे घेतल्यासारखं दाखवतो. ‘प्लीज करेक्ट मी इफ आय ॲम राँग.’ ‘आय माइट हॅव मिस्ड युअर रिप्लाय.’ ‘मेबी आय वॉजन्ट क्लिअर.’ ‘नॉट शुअर इफ यू सॉ माय लास्ट ईमेल.’

या शेवटच्या वाक्याला एक मानही आहे. ॲडोबी कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑफिसात काम करणाऱ्यांना विचारलं होतं की कामाच्या मेलमधलं कोणतं वाक्य सगळ्यात जास्त खटकतं. पहिला क्रमांक याच वाक्याचा आला, २५ टक्के लोकांनी ते निवडलं. ‘पर माय लास्ट ईमेल’ दुसऱ्या क्रमांकावर होतं, १३ टक्क्यांवर. म्हणजे उघड आठवण करून देण्यापेक्षा ‘तुम्ही पाहिला की नाही कोण जाणे’ हा साळसूदपणा लोकांना जास्त लागतो. मला ते पटतं. उघड आठवणीला ‘हो, राहिलं’ एवढं उत्तर पुरतं. साळसूद वाक्य मात्र तुमच्याकडून कबुली मागतं. पाहिला होता म्हणाल तर उत्तर का दिलं नाही, आणि नव्हता म्हणाल तर का नाही पाहिलात?

इथे खरेपणा तपासायचा तर पुढचं वाक्य बघा. ‘मला कदाचित नीट सांगता आलं नसेल’ असं लिहून माणूस तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत, एखादं उदाहरण देऊन पुन्हा सांगत असेल, तर त्याला खरंच तसं वाटतंय. जुनंच वाक्य अक्षर न बदलता खाली चिकटवलं असेल, तर त्याच्या मते ते पहिल्यांदाच स्पष्ट होतं. ‘करेक्ट मी’ नंतर प्रश्न आला तर तो प्रश्न. त्यानंतर तारखेसकट पुरावा आला, तर तुमची दुरुस्ती कोणालाही नको आहे.

चौथी पायरी: उत्तर

आता माझ्यासमोरचा प्रश्न. हसऱ्या चेहऱ्याचं उत्तर ताईंनी पुसायला लावलं. मग मी रागाने एक लिहिलं आणि घाबरून दुसरं. तिन्ही सांगते, कारण बहुतेक नवीन माणसं याच तिघांपैकी एक पाठवतात.

रागाचं असं होतं: ‘सर, ॲज पर युअर मेल द फर्स्ट रिक्वायरमेंट वॉज द टोटल, विच वॉज शेअर्ड वेल बिफोर द डेडलाइन.’ शब्द न् शब्द खरा आणि संपूर्णपणे निरुपयोगी. साहेब वाचणार की हिने अर्धं काम वेळेत केलं आणि उरलेल्या अर्ध्यावर भांडतेय. टोमण्याला टोमणा दिला की सीसीतल्या माणसासाठी ती दोघांची भांडणं होतात, आणि त्यात मूळ चूक कोणाची होती हे सगळ्यांच्या लक्षात राहतं.

घाबरलेलं याहून वाईट. त्यात तीनदा ‘एक्स्ट्रीमली सॉरी’ होतं, मी नवीन आहे हे होतं, सोमवारी किती मेल आले होते हे होतं. फोड कधी मिळेल हे कुठेच नव्हतं. मोठी माफी वाचून सरांना माझं सांत्वन करावं लागलं असतं, आणि त्यांना हवा होता तक्ता.

शेवटी जे गेलं ते ताईंनी जवळपास सांगूनच लिहून घेतलं. मराठीत ते असं: ‘सर, विभागवार फोड माझ्याकडून राहिली. आज दुपारी १२ वाजेपर्यंत पाठवते. एकूण रक्कम काल पाठवलीय तीच राहील.’ तीन वाक्यं. पहिल्यात चूक, एकदाच आणि विशेषणांशिवाय. दुसऱ्यात वेळ. तिसऱ्यात त्यांना पुढे उपयोगी पडेल अशी एक गोष्ट, म्हणजे आधीचा आकडा पुन्हा तपासायची गरज नाही. टोमण्याचा उल्लेख नाही. ‘गोइंग फॉरवर्ड’ला उत्तर नाही. तुम्ही उत्तर फक्त कामाच्या वाक्यांना द्यायचं, बाकीची वाक्यं मेलमध्ये नव्हतीच असं समजून.

आणि साहेबांना सीसीतून काढायचं नाही. मला तोच मोह झाला होता. पण चूक त्यांनी पाहिली, मग निस्तरलेलीही त्यांनाच दिसायला हवी. मधेच नाव गाळलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर सकाळचा मेलच राहतो. तक्ता पाठवतानाही ते सीसीत होते. त्यानंतर नव्या विषयावर नवा मेल सुरू केला तेव्हा तो फक्त सरांना.

वेळेबद्दल एक पथ्य पाळा. वाचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काही पाठवू नका, उत्तर लिहायचं असेल तर टू आणि सीसी दोन्ही रकाने रिकामे ठेवून लिहा. म्हणजे बोट चुकलं तरी मेल जाणार नाही. पण त्याच दिवशी उत्तर द्या, मुदत जवळ असेल तर त्याच तासात. सीसीतल्या वरिष्ठांसमोर शांतता लांबली की ती रुसव्यासारखी दिसते.

कधीकधी चूक तुमची नसते. तुम्ही दोन्ही गोष्टी पाठवलेल्या असतात, समोरच्याने दुसरं शीट उघडलेलं नसतं, आणि तरी ‘ॲज मेन्शन्ड’ येतं. तिथे ‘मी आधीच पाठवलंय’ हे बोटांच्या टोकावर असतं. ते लिहू नका, पण ते दिसेल असं करा: ‘फाइल पुन्हा जोडतेय. विभागवार फोड दुसऱ्या शीटवर आहे, पहिल्या ओळीपासून.’ आणि हे नव्या मेलमध्ये न लिहिता तुमच्या मूळ मेलवरच उत्तर म्हणून पाठवा, सीसीत वाढलेलं नाव तेवढं त्यात घाला. खाली जुना मेल आणि त्याची तारीख आपोआप दिसते. सीसीतला माणूस खाली बघेल तेव्हा त्याला सगळं कळेल, तुम्हाला एकही शब्द खर्चावा लागणार नाही.

आणि तोच माणूस आठवड्यात दुसऱ्यांदा असं लिहू लागला तर मेल थांबवा आणि उठून त्याच्या टेबलापाशी जा, दूर असेल तर फोन करा. ‘सर, तुम्हाला हे कसं हवंय ते एकदा समजून घ्यायचं होतं’ एवढ्याने सुरुवात पुरते. मेलमधला सूर तिथे काढू नका. समोरासमोर ‘तुम्ही मला टोमणा मारलात’ म्हटलं की समोरचा ‘छे, मी तर प्लीज लिहिलं होतं’ म्हणून मोकळा होतो. शालजोडीची खुबीच ती आहे. मात्र प्रकार वारंवार होत असेल, दहा लोकांसमोर होत असेल किंवा तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या गोष्टींवर उतरला असेल, तर तो समजून घेण्याचा विषय राहत नाही. ते सगळे मेल एका फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि साहेबांशी प्रत्यक्ष बोला.

आपण स्वतः लिहिताना

नवीन लोक ही वाक्यं नकळत वापरतात, कारण ती वरिष्ठांच्या मेलमधून चांगलं इंग्रजी म्हणून उचललेली असतात. मीही उचलली. दोनेक महिन्यांनी एका मोठ्या मॅडमना पाठपुरावा करताना मी ‘ॲज पर माय लास्ट मेल, काइंडली एक्सपिडाइट’ लिहून मोकळी झाले होते. मला ते नम्र वाटलं होतं, ‘काइंडली’ होतं ना त्यात. मॅडमनी फोन करून शांतपणे विचारलं, “तुला घाई कसली आहे ते सांग ना, मला मदत करता येईल.” त्या प्रश्नातच मला उत्तर मिळालं. माझ्या मेलमध्ये घाईचं कारणच नव्हतं. होतं ते फक्त माझं आधी सांगणं आणि त्यांचं न करणं.

तेव्हापासून आठवण करून देताना मी मागच्या मेलचा उल्लेख करायच्या जागी एक नवी गोष्ट लिहिते. बहुतेक वेळा ती गोष्ट म्हणजे कारण आणि तारीख: ‘मॅडम, शुक्रवारी अहवाल छपाईला जाणार आहे. तुमचं पान गुरुवारी दुपारपर्यंत मिळालं तर मला लावता येईल. उशीर होणार असेल तर त्या पानाशिवाय पाठवू का?’ यातलं एकही वाक्य झाकता येत नाही. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरतं, त्यामुळे खरंच व्यस्त असलेला माणूससुद्धा ते देतो.

त्या बुधवारी तक्ता पावणेबाराला गेला. दुपारी मी धीर करून सरांच्या टेबलापाशी गेले. पुढच्या वेळी फोड कशी मांडू, वरून खाली की डावीकडून उजवीकडे, असं विचारलं. त्यांनी खुर्ची सरकवून स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि त्यांचा साचा दाखवला. शेजारी त्यांची मेलपेटी उघडी होती. वरचे दोन मेल इतर विभागांतल्या लोकांना गेलेले, दोन्हींत तसाच स्क्रीनशॉट आणि तशीच पिवळी ओळ. ती ओळ सवयीची होती, माझ्यासाठी खास नव्हती. सीसी मात्र त्या दोन्ही मेलांत नव्हतं. ते माझ्यासाठीच होतं, आणि पुढच्या तिमाहीत दोन्ही आकडे एकाच फाइलमध्ये वेळेआधी गेल्यावर त्यांच्या मेलमधून ते गेलं.